दोन नाचांच्या मधली चाळीस सेकंदं

साउंडवाल्याने चौथं गाणं लावलं, दिवे मंद झाले, आणि स्टेजवर कोणीच नाही. मावश्यांचा गट अजून पदराला पिना लावतोय, त्यातली एक पाणीपुरीच्या काउंटरवर आहे. गाण्याचा सुरुवातीचा तुकडा वाजून संपतो, कोणीतरी हातवारे करून गाणं थांबवतं आणि माईकवरून आवाज येतो, "हॅलो, हॅलो, मावशी ग्रुप, कृपया स्टेजजवळ या." पुढची चार मिनिटं पाहुणे आपापल्या मोबाइलमध्ये शिरतात. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी लॉनवर हे दृश्य हटकून दिसतं. महिना-दीड महिना घाम गाळून बसवलेले नाच चांगलेच होतात. पडते ती मधली जागा, आणि ती सांभाळण्याचं काम ज्याच्याकडे असतं त्याला बहुतेक वेळा आदल्या दिवशी सांगितलेलं असतं, "तू छान बोलतोस, तूच अँकरिंग कर."

हा 'तू' म्हणजे नवरीचा मामेभाऊ, नवरदेवाची चुलतबहीण किंवा कॉलेजातला मित्र. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन एवढाच अनुभव. पैसे देऊन व्यावसायिक निवेदक बोलावणारी घरंही आता बरीच आहेत. पण घरच्या माणसाला एक गोष्ट फुकट मिळालेली असते जी बाहेरच्याला विकत घ्यावी लागते. आत्याला कशावरून चिडवलं की ती हसते आणि कशावरून उठून जाते, हे त्याला माहीत असतं. संगीताची संहिता या माहितीवरच उभी राहते.

संगीत आपल्याकडे उत्तरेतून आलं. पंजाबी घरांत बायका ढोलक घेऊन बसायच्या आणि लग्नाआधीच्या रात्री गाणी म्हणायच्या, ते 'लेडीज संगीत'. पुढे १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' आणि १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' यांसारख्या चित्रपटांनी लग्नातली गाणी आणि नाच घराघरांत पोहोचवले. चिडवाचिडवी मात्र आपल्याकडे कधीच बाहेरून आणावी लागली नाही. पंजाबात नवरीकडच्या बायका वऱ्हाडाला उद्देशून 'सिठणियाँ' गातात, अवध-बिहारकडे 'गारी' गातात. तुलसीदासांच्या रामचरितमानसात जनकाच्या घरी वऱ्हाड जेवायला बसलेलं असताना बायका पुरुषांची आणि स्त्रियांची नावं घेऊन अशी गारी गातात, आणि दशरथ राजा ती ऐकून हसतो. मराठी लग्नात रुखवताच्या वेळी दोन्हीकडच्या बायकांची जुगलबंदी चालायची, आणि कानपिळीत नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान आजही पिळतो.

या सगळ्या प्रकारांत एक सोय होती. टोमणा एकटं कोणी मारत नसे. दहा बायका एका सुरात गात, शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असत आणि ज्याची खोडी काढली जाते त्यालाही ठाऊक असे की हे आपल्या व्याह्याच्या खुर्चीला उद्देशून आहे, आपल्याला नव्हे. माईक हातात घेतलेल्या मुलाला यातलं काहीच संरक्षण नसतं. तो एकटा असतो, शब्द त्याचे स्वतःचे असतात, समोर तीनशे माणसं असतात आणि व्हिडिओ शूटिंग चालू असतं. म्हणून जुन्या गाण्यांतली दिशा आज उलटी करावी लागते. तेव्हा नवरीकडचे नवरदेवाकडच्यांना चिडवत. आज नवरीकडच्या निवेदकाने आपल्याच घराला मनसोक्त चिडवावं आणि समोरच्या घराची खोडी काढायचं काम त्याच घरच्या कोणावर तरी सोपवावं. यासाठीच दोन निवेदक असावेत, प्रत्येक बाजूचा एक. एकच माणूस असेल तर समोरच्या बाजूबद्दलची प्रत्येक ओळ त्याच बाजूच्या माणसाने पुरवलेली असावी आणि तसं बोलून दाखवावं: "हे मी म्हणत नाही, त्यांच्या थोरल्या वहिनी म्हणतात."

साहित्य गोळा करायला फोनाफोनी लागते, तीही किमान दहा दिवस आधी. नाच करणाऱ्या प्रत्येकाबद्दल घरातल्या दोन माणसांना विचारायचं: हा माणूस घरात सारखं काय म्हणतो, जेवणाच्या टेबलावर याची कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा निघते, आणि कोणता विषय अजिबात काढायचा नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी लिहून घ्यावं. पहिल्या दोन उत्तरांतून जे निघतं त्यात बहुधा एखादी अशी सवय असते जिचा त्या माणसाला आतून अभिमान असतो. काटकसर, वक्तशीरपणा, स्वच्छतेचं वेड, प्रत्येक फोटोत मधे उभं राहण्याची हौस, वाटाण्याचा भाव तीन दुकानांत विचारणं. चिडवायला यासारखी सामग्री नाही, कारण ज्याची थट्टा होते तो स्वतःच ती गोष्ट चारचौघांत सांगत असतो.

समजा, नवरदेवाचे धाकटे काका कराओकेवर एक जुनं गाणं म्हणणार आहेत. त्यांच्या भाचीने सांगितलेली माहिती एवढीच, की काका घरात सारखे दिवे बंद करत फिरतात. नवशिका निवेदक इथे "आता येत आहेत आपल्या सर्वांचे लाडके काका" असं म्हणेल. 'आपल्या सर्वांचे लाडके' हे शब्द पुढच्या बाराही जणांना चालतात, म्हणजे ते कोणाचेच नाहीत. जरा मेहनत घेतली तर पत्त्यावर असं काहीतरी उतरेल:

"काकांच्या घरी एक सोय आहे. तुम्ही खोलीतून बाहेर पाऊल टाकलंत की मागे दिवा आपोआप बंद होतो. सेन्सर बसवलेला नाही, काका बसलेले असतात. आज लॉनवर एवढे दिवे लागलेले बघून काका संध्याकाळपासून अस्वस्थ आहेत. काका, काळजी करू नका, लायटिंग पॅकेजमध्येच आहे. फक्त तीन मिनिटं बटणापासून लांब उभे राहा आणि माईक हातात घ्या. गाण्यासाठी येताहेत नवरदेवाचे धाकटे काका!"

यात टोमणा काकांच्या सवयीवर आहे, वयावर, केसांवर किंवा आवाजावर नाही. लायटिंगचा खर्च कोणी केला याकडे बोट जात नाही, 'पॅकेज' या शब्दावर ते अलगद टळतं. हे टाळणं सहज सुचत नाही. पहिल्या खर्ड्यात हमखास "बिल नवरीकडचे भरणार आहेत" अशी ओळ येते, आणि देण्याघेण्यावरचा विनोद लग्नघरात कोणालाच पचत नाही. शेवटची गोष्ट म्हणजे नातं आणि टाळी वाक्याच्या अगदी टोकाला आहेत. टाळ्या नावावर पडतात, म्हणून नाव किंवा नातं उच्चारल्यावर पुढे एकही शब्द बोलू नये. बोललात तर तो टाळ्यांत बुडतो आणि काका जिन्यातच थांबतात.

चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या थट्टेतला फरक लोकांच्या हसण्यावरून लगेच कळतो. ज्याला चिडवलं त्याच्या घरचे लोक आधी हसले तर ओळ जमली. समोरची बाजू हसली आणि त्याच्या बाजूच्या रांगेत शांतता राहिली तर ती लागली. पण स्टेजवर कळून उपयोग नसतो, म्हणून संहिता आधी वाचून दाखवायची असते, आणि ती ज्याच्यावर लिहिली आहे त्यालाच. त्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला विचारून चालत नाही, ते हौसेने परवानगी देतात. नवल जाईल ही भीती इथे फोल आहे. काकांना ओळ आधी माहीत असेल तर ते कपाळाला हात लावून उठतात, आणि तो हात लावण्याचा अभिनय विनोदापेक्षा जास्त हशा घेतो.

काही विषय कोणी परवानगी दिली तरी सोडून द्यावेत: वजन, रंग, टक्कल, लग्न न झालेल्या थोरल्या बहिणीचं "आता तुझा नंबर कधी", नव्या जोडप्याला पाळण्यावरून मारलेले टोले, नवरीचा स्वयंपाक, कोणाचीही जुनी प्रेमप्रकरणं. नवरदेवाच्या मित्रांचा गट ही यातली सर्वांत धोक्याची जागा. त्यांच्या हातात माईक देताना आधी त्यांचं लेखी दोन ओळींचं निवेदन मागून घ्यावं आणि तेच स्वतः वाचावं. मोकळा माईक दिला की हॉस्टेलमधली गोष्ट निघते आणि नवरदेवाची आजी पहिल्या रांगेत असते.

आता दुव्याकडे. दोन नाचांच्या मधल्या निवेदनाची पहिली ओळ नुकत्याच संपलेल्या नाचातली काहीतरी खरी गोष्ट उचलते आणि शेवटची ओळ पुढच्यांना बोलावते. मधे एक थट्टा. एवढंच. समजा, आधी लहान मुलांचा नाच झाला आहे आणि नंतर त्या पाणीपुरीवाल्या मावश्या आहेत:

"पाहिलंत ना, सगळ्यात छोट्या करवलीने शेवटचं कडवं प्रेक्षकांना पाठ दाखवून नाचून काढलं, आणि तरी तिलाच सगळ्यात जास्त टाळ्या. ही सवलत पुढच्या गटाला नाही. नवरीच्या मावश्यांनी दीड महिन्यापूर्वी सरावासाठी ग्रुप काढला. त्यात सरावाचे व्हिडिओ आले चार आणि ब्लाउजचे फोटो आले एकशे चाळीस. ठरलं होतं की सगळ्यांनी मोरपंखी नेसायचं. आता मोरपंखी म्हणजे नेमका कोणता रंग, ते तुम्हीच बघून ठरवा. टाळ्या नवरीच्या मावश्यांसाठी!"

करवलीची ओळ आधी लिहिता येत नाही. म्हणून पत्त्यावर सुरुवातीच्या दोन ओळी कोऱ्या ठेवायच्या आणि नाच चालू असताना बाजूला उभं राहून पेन्सिलीने भरायच्या. निवेदक स्वतः नाच बघत असतो हे त्यातून कळतं, आणि संहिता घोकून आल्याचा वास येत नाही. तमाशातला सोंगाड्या समोरच्या प्रेक्षकांत जे घडेल त्यावर तिथल्या तिथे बोलतो, तशी ही मोकळी जागा आहे. फक्त दोन ओळींपुरती.

माईकवर माणूस साधारण सेकंदाला दोन शब्द बोलतो. वरचं निवेदन साठ-सत्तर शब्दांचं आहे, म्हणजे हशाची जागा धरून चाळीस सेकंद. या चाळीस सेकंदांत खुर्ची हलवायची असते, मुलांना स्टेजवरून उतरवायचं असतं, मावश्यांना जागा घ्यायची असते. म्हणजे मावश्या आधीच पायऱ्यांशी उभ्या हव्यात. यासाठी प्रत्येक निवेदनात पुढच्याच्या पुढच्या गटाला वर्दी देण्याची पद्धत काही जण वापरतात, पण "यानंतर तयार राहा" अशा सूचना माईकवरून आल्या की कार्यक्रमाला बसस्टँडची कळा येते. त्यापेक्षा स्टेजमागे एक पळापळी करणारा चुलतभाऊ ठेवावा. त्याच्या हातात यादी असते आणि दोन नाच आधी तो त्या गटाला शोधून आणून उभं करतो. त्याने अंगठा दाखवल्याशिवाय निवेदकाने शेवटची ओळ म्हणायची नाही.

हे एवढं काटेकोर कशासाठी, याचा हिशोब करून बघावा. बारा नाच-गाणी आहेत, प्रत्येक गाणं कापून तीन मिनिटांचं केलेलं: छत्तीस मिनिटं. बारा निवेदनं, चाळीस सेकंदांची: आठ मिनिटं. एकूण पाऊण तासात कार्यक्रम संपायला हवा. पण प्रत्येक वेळी शोधाशोधीत चार मिनिटं गेली तर अठ्ठेचाळीस मिनिटं आणखी वाढतात, म्हणजे नाचांना लागला त्याहून जास्त वेळ वाट बघण्यात. पत्रिकेवर साडेसात असलं तरी सुरुवात सव्वाआठला होते. एक-दोन 'वन्स मोअर' आणि एकदा अडकलेलं गाणं धरलं की दहा वाजतात, आणि शेवटी ठेवलेला नवरा-नवरीचाच नाच उरतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागेत लाउडस्पीकर लावता येत नाही. मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सणउत्सवांसाठी देऊ शकतं. आपल्या घरच्या लग्नाची तारीख त्यात बसेल अशी आशा धरू नये. बंद हॉलमध्ये हा काच कमी, तरी आचारी थांबलेले असतातच.

क्रमही याच हिशोबातून ठरतो. मुलं पहिली, कारण नऊनंतर ती रडतात किंवा झोपतात. आजी-आजोबा पहिल्या अर्ध्या तासात, कारण त्यांची जेवणाची आणि गोळ्यांची वेळ असते. मित्रमंडळींचा धिंगाणा शेवटाकडे. आजी बसल्या जागेवरून ओवी किंवा भावगीत म्हणणार असतील तर त्यांच्याआधी गोंगाटी नाच ठेवू नये. लोकांचे कान जागेवर यायला वेळ लागतो. तिथे थट्टाही नको. निवेदकाने खाली उतरून, खुर्चीशी वाकून, "आजी, हे गाणं तुम्ही कोणाकडून शिकलात?" एवढं विचारावं आणि माईक स्वतः धरून ठेवावा, कारण वयस्क माणसं माईक हळूहळू मांडीवर नेतात. घरातलं कोणी अलीकडे गेलं असेल आणि त्यांची आठवण काढायची असेल तर तीही याच शांत तुकड्यात, घरच्यांना आधी सांगून, एका वाक्यात.

सामानाच्या चुका रटाळ असतात पण संध्याकाळ त्याच बुडवतात. गाणी यूट्यूबवरून लावू नयेत, कडव्याच्या मधे टूथपेस्टची जाहिरात येते. पेन ड्राइव्हमध्ये फाइलींना 01, 02, 03 असे आकडे द्यावेत. नुसते 1, 2, 3 दिले तर काही यंत्रं 1 नंतर 10 वाजवतात आणि मावश्यांच्या जागी मित्रांचं गाणं सुरू होतं. साउंडवाल्याला निवेदनाची संपूर्ण संहिता नको असते. त्याला प्रत्येक निवेदनाचे शेवटचे चार शब्द लिहून द्यावेत, ते ऐकले की बटण. म्हणूनच मधलं कितीही बदललं तरी शेवटची ओळ बदलायची नाही. संहिता मोबाइलवर वाचू नये, ऐन वेळी केटररचा फोन येतो. पोस्टकार्डाएवढे जाड पत्ते, एका बाजूला मोठ्या अक्षरांत मजकूर, कोपऱ्यात क्रमांक आणि भोक पाडून कडीत ओवलेले, म्हणजे पडले तरी क्रम विस्कटत नाही. माईक घेऊन स्पीकरसमोर गेलं की शिट्टी वाजते. स्पीकरच्या मागेच राहावं.

आणि तरीही गाणं अडकतंच. त्यासाठी पत्त्यांच्या शेवटी दोन-तीन राखीव असावेत. मराठी घरात यासाठी उखाण्यासारखं हुकमी साधन नाही. "साउंडवाले दादा पेन ड्राइव्ह शोधताहेत तोवर, या मंडपातल्या सगळ्यात जुन्या जोडप्याने उभं राहावं," असं म्हटलं की मोठे काका-काकू उभे राहतात, काकू लाजतात, उखाणा घेतात, मग काका घेतात, तोवर गाणं सापडतं. नवरीला मात्र इथे उखाणा घ्यायला लावू नये. तिचा पहिला उखाणा उद्यासाठी राखून ठेवलेला असतो आणि घरातल्या बायका त्यासाठी टपून असतात.

सोयरे वेगळ्या भाषेचे असतील, पुण्याची मुलगी आणि अहमदाबादचा किंवा चेन्नईचा मुलगा असेल, तर मराठी थट्टा हिंदीत समजावून सांगण्याचा मोह टाळावा. समजावलेल्या विनोदावर फक्त सौजन्याने मान डोलते. आपल्या माणसाबद्दलची थट्टा मराठीत करावी, पण त्याचं नाव, नवरीशी असलेलं नातं आणि 'टाळ्या' एवढं सर्वांना कळेल अशा भाषेत म्हणावं. नावांचे उच्चार आदल्या दिवशी त्याच माणसाकडून म्हणवून घ्यावेत. होणाऱ्या सासूबाईंचं नाव चुकलं तर पुढचे सगळे विनोद वाया जातात.

शेवटच्या नाचाआधी, म्हणजे नवरा-नवरीला बोलावताना, निवेदन सर्वांत लहान असावं. दोन वाक्यं पुरतात, कारण तिथे कोणालाही निवेदकाला ऐकायचं नसतं. नाच संपल्यावर आभारांची यादी वाचू नका. त्यात एक नाव राहतंच आणि ते नेमकं आत्याचं असतं. शेवटच्या पत्त्यावर दोनच गोष्टी लिहा: जेवण कुठे लागलं आहे, आणि उद्या सकाळी हळदीला किती वाजता हजर राहायचं आहे. त्या सांगा आणि माईक बंद करून साउंडवाल्याच्या हातात द्या, नाहीतर तो नवरदेवाच्या मित्रांच्या हाती लागेल.